ड्रोन घेण्याआधी चार्जरचा हिशोब

वाचकाचं पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २५, बी.ए. झालो आहे. घरची सहा एकर कोरडवाहू शेती. मागच्या महिन्यात तालुक्याला ड्रोनचं प्रात्यक्षिक पाहिलं. विक्रेता म्हणाला, दिवसाला ३० एकर फवारणी होते, एकरी ४०० रुपये मिळतात आणि फवारणी नसेल तेव्हा लग्नाचं शूटिंग आणि शेताची मोजणी करायची, म्हणजे ड्रोन बारा महिने कमावतो. पाच वर्षांसाठी सात लाखांचं कर्ज मिळतंय, व्याज ११ टक्के. फोटो स्टुडिओवाला मित्र लग्नाची कामं देतो म्हणतो. गावात धुऱ्याची भांडणं इतकी आहेत की मोजणीच्या कामांना तोटा पडणार नाही. वडील म्हणतात, वावर गहाण टाकू नको. घरात फक्त वहिनी माझ्या बाजूने आहेत, त्या बचत गट चालवतात. मी या कामात अगदी नवीन आहे. कर्ज घेऊ का?

उत्तर

भाऊ, यंदा घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण अशी पत्रं मला वाशीम, वर्धा, अमरावतीकडूनही येतात आणि सगळ्यांच्या हिशोबात तीच एक जागा सुटलेली असते.

तुम्ही ‘ड्रोन’ एकच धरला आहे, तिथून सुरुवात करू. फवारणीचा ड्रोन हा उडणारा पंप आहे. दहा लिटरची टाकी भरली की त्याचं वजन चोवीस-पंचवीस किलोच्या घरात जातं. त्याला कॅमेरा असलाच तर तो उडवणाऱ्याला समोरचं बाभळीचं झाड किंवा विजेची तार दिसावी एवढ्यापुरता. त्याने लग्न टिपता येत नाही, आणि एवढं यंत्र माणसांच्या डोक्यावरून कुणी नेऊही नये. लग्नाचा ड्रोन किलोभराच्या आतबाहेरचा, सगळी किंमत त्याच्या कॅमेऱ्यात. मोजणीचा ड्रोन तिसराच, त्याच्यासोबत जमिनीवर ठेवायचं अचूक जीपीएस यंत्र आणि नकाशा बनवणारं सॉफ्टवेअर लागतं. हे तीन वेगळे धंदे आहेत, तीन वेगळी भांडवलं आहेत. सात लाखांत तुम्हाला यातला एकच मिळतो आहे.

लग्नाचं थोडक्यात सांगतो. कामं आहेत, मित्र देईलही. पण ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, फक्त सुटे भाग आणता येतात. बाजारात मित्राच्या ओळखीने स्वस्तात मिळणारा कॅमेरा ड्रोन कुठून आला आणि त्याची नोंदणी होते का, हे पैसे देण्याआधी पाहा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर प्रमाणपत्रही लागतं आणि विमाही. मित्राकडे आधीच ड्रोन असेल तर त्याच्यासोबत चार लग्नं करून पाहा, स्वतःचा पैसा घालू नका.

मोजणीबद्दल मात्र मला तुमची खरी काळजी वाटते. धुऱ्याचं भांडण खाजगी ड्रोनच्या नकाशाने मिटत नाही. हद्द कायम करण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा आहे. त्यांच्याकडे अर्ज करून, फी भरून झालेली मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, हाच कागद तहसीलमध्ये आणि कोर्टात चालतो. लोकांच्या मनात घोटाळा होतो तो स्वामित्व योजनेमुळे. २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत ड्रोनने गावं मोजली आणि मालमत्ता पत्रकं दिली, हे खरं आहे. पण ती मोजणी गावठाणातल्या घरांच्या जागेची होती, शेताची नव्हती, आणि ती भारतीय सर्वेक्षण विभागाने सरकारी यंत्रणेसोबत केली.

त्यात चूक किती मोठी होते, तेही समजून घ्या. साध्या कॅमेरा ड्रोनचं जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे दाखवतं. दोनशे मीटर लांबीचा धुरा असेल आणि तुमची रेघ दोन मीटर सरकली, तर चारशे चौरस मीटर, म्हणजे जवळपास चार गुंठे जमीन कागदावर एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे गेली. तुम्ही त्याच गावात राहता. धुऱ्यावरून आपल्याकडे डोकी फुटतात, तेव्हा त्या रेघेखाली तुमचं नाव नको. ड्रोन मोजणीला खरी कामं आहेत: शेततळ्याची खोदाई किती घनमीटर झाली, खदानीत किती माल पडला आहे, वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत किती झाडं उभी आहेत आणि किती वाळली. ती कामं एखाद्या सिव्हिल इंजिनिअरच्या हाताखाली शिकायची आहेत, पुढे कधीतरी.

राहिली फवारणी. तुमचा खरा धंदा हाच होऊ शकतो, म्हणून ३० एकरांचा आकडा उलगडून पाहू.

सोयाबीनमध्ये एका एकराला दहा लिटर पाणी, म्हणजे एक टाकी. उडण्याची सात-आठ मिनिटं, मग उतरवणं, टाकी भरणं, बॅटरी बदलणं, असं धरलं तर एकरामागे बारा मिनिटं जातात, तासाला पाच एकर. ऊन चढलं की थेंब पानावर पडण्याआधीच वाळतो आणि वाराही वाढतो, म्हणून काम सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते साडेसहा. साडेसहा तास गुणिले पाच, झाले बत्तीस एकर. विक्रेत्याचा आकडा इथून येतो, आणि तो खोटा नाही, फक्त त्यात चार्जर धरलेला नाही.

बॅटरीचा एक संच एका एकरात संपतो. तो पुन्हा भरायला साधारण पाऊण तास लागतो, आणि गरम असेल तर आधी थंड होऊ द्यावा लागतो. समजा तुमच्याकडे चार संच आणि एक चार्जर आहे, बांधावर जनरेटर चालू आहे. सकाळी चार संच भरलेले घेऊन निघालात. पुढच्या चार तासांत चार्जर आणखी पाच संच भरून देईल. झाले नऊ एकर. दुपारी चारही संच भरून घेतले, संध्याकाळी ते चार आणि अडीच तासांत भरलेले आणखी तीन, झाले सात. दिवसाचे सोळा. त्याच्यापुढे ड्रोन कितीही चांगला असला तरी तो पाऊणपाऊण तास जमिनीवर बसून राहतो.

आणि हे सोळा एकर एका जागी असतील तर. आपल्याकडे दोन-तीन एकरांचे तुकडे. एक वावर झालं की जनरेटर, पाण्याचे ड्रम, ड्रोन सगळं गाडीत घाला, चिखलातून दुसऱ्या शिवारात जा. शेतकरी औषध आणायला तालुक्याला गेलेला असतो. मध्येच सर येते. मी चार हंगाम हे काम केलं आहे, आणि तुकड्यांच्या गावात माझी सरासरी बारा एकरांच्या वर कधी गेली नाही.

आता पैसे. बारा एकर, चारशे रुपये, म्हणजे ४,८०० रुपये. बॅटरीचा एक संच पन्नास हजारांचा धरा आणि तो तीनशे वेळा भरता येतो असं धरा. मग प्रत्येक एकरात बॅटरीच सुमारे १६७ रुपयांची झिजते. हा खर्च रोज खिशातून जात नाही, म्हणून कुणी लिहीत नाही, आणि दुसऱ्या वर्षी चार संच एकदम बसतात तेव्हा दोन लाख कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. बारा एकरांचे बॅटरीचे २,००० रुपये, जनरेटरचं पेट्रोल ७००, गाडी आणि मदतनीस १,०००. गेले ३,७००. हातात राहिले ११०० रुपये, त्यात तुमची मजुरीही आलीच. पाऊस आणि वारा वगळून वर्षाला पंचाहत्तर दिवस काम मिळालं, तर ८२,५०० रुपये. तुमच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे १५,२०० रुपये, म्हणजे वर्षाला एक लाख ८२ हजार.

वडील कर्जाला नको म्हणतात. त्यांनी हे गणित मांडलं नसेल, पण त्याचं उत्तर त्यांचं बरोबर आहे.

गणित बदलू शकतं, आणि कशाने बदलतं तेही पाहा. दुसरा चार्जर आणि त्याला पेलेल असा जनरेटर, एकरी ५०० रुपये भाव, आणि एकमेकांना लागून असलेली वावरं. दिवसाला अठरा एकर झाले तर सगळा खर्च जाऊन दिवसाला चार हजारांच्या आसपास उरतात, वर्षाचे तीन लाख, आणि हप्ता फेडून सुमारे एक लाख १८ हजार. त्यातून विमा आणि दुरुस्ती जायची आहे. ड्रोन एकदा तरी तारेत किंवा झाडात जातोच, ते गृहीत धरा. म्हणजे धंदा आहे, पण तो ड्रोन विकत घेतल्याने सुरू होत नाही. लागून असलेले एकर आधी बांधल्याने सुरू होतो.

दुसरं, तुम्ही कदाचित धरून चालला असाल की मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी आपोआप बोलावतील. पहिल्यांदा बोलावतील. दुसऱ्यांदा बोलावणं पहिल्या फवारणीच्या गुणावर अवलंबून आहे, आणि नवा माणूस हमखास औषधाच्या मापात चुकतो.

आपल्याकडे माप पंपावर चालतं. “आमी पंपाले दहा एमएल टाकतो जी,” असं शेतकरी सांगतो. एका एकराला असे दहा पंप लागतात, म्हणजे एकरी १०० मिली. नवा पायलट ड्रोनची टाकी एक पंप समजतो आणि दहा मिलीच टाकतो. एकरात औषध पडलं दहावा हिस्सा. अळी तशीच राहते आणि गावभर होतं की ड्रोनचा फवारा लागत नाही. म्हणून डब्यावरचं एकरी किंवा हेक्टरी माप वाचायचं, आणि एकराचं पूर्ण औषध त्या दहा लिटरमध्ये द्यायचं. केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२३ मध्ये कापूस, सोयाबीन, तूर यांसारख्या पिकांसाठी ड्रोन फवारणीची पीकवार कार्यपद्धती काढली आहे, ती मिळवा आणि गाडीत ठेवा. कोणतं औषध ड्रोनने फवारायला चालतं, हेही आधी पाहायचं असतं.

आता याची दुसरी बाजू. तेच औषध पंधरापट कमी पाण्यात आलं, म्हणजे ते पंधरापट तीव्र झालं. शेतकरी कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत सगळं एकत्र द्या म्हणतो. दीडशे लिटर पाण्यात जे निभावतं ते दहा लिटरमध्ये फाटतं, तळाला गाळ बसतो, नोझल चोंदतं. आणि एक नोझल बंद पडलं तर वरून कळत नाही, चार दिवसांनी पिकात पट्टा दिसतो तेव्हा कळतं. म्हणून काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात थोडं मिश्रण करून अर्धा तास ठेवा. थर बसला, गुठळ्या झाल्या किंवा बाटली गरम लागली, तर ते टाकीत घालू नका. मिसळणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मास्क हवेतच. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ड्रोनने पाठीवरचा पंप उतरतो आणि पिकात शिरावं लागत नाही, हे फार मोठं काम आहे. पण विष मिसळायच्या बादलीजवळ कुणीतरी उभं असतंच, आणि त्या बादलीत आता पंधरापट तीव्र औषध आहे.

तणनाशकाबद्दल माझ्या हातून झालेलं सांगतो. दुसऱ्या हंगामात डिसेंबरमध्ये गव्हात टू-फोर-डी मारायला गेलो होतो. शेतकऱ्याला घाई होती, वारा थोडा वाहत होता, मी ‘एवढ्याने काय होतं’ म्हणालो. शेजारच्या वावरात हरभरा होता. तिसऱ्या दिवशी फोन आला. धुऱ्याकडच्या सहा-सात ओळींचे शेंडे पिळवटून वाकडे झाले होते. त्या शेतकऱ्याचा माझ्याशी काही संबंधच नव्हता, त्याने मला बोलावलंही नव्हतं. मी भरपाई दिली, पण वर्षभर त्या गावात मान वर करून जाता आलं नाही. तेव्हापासून तणनाशक ड्रोनने मारत नाही. तुम्हीही पहिल्या दोन हंगामांत मारू नका. तुमच्याकडे सोयाबीनच्या शेजारी पऱ्हाटी असते आणि सोयाबीनची काही तणनाशकं पऱ्हाटीला सोसत नाहीत. कीटकनाशकालाही वाऱ्याकडे पाहायचंच. मुठीत धूळ घेऊन खांद्याच्या उंचीवरून सोडा. ती सरळ खाली न पडता बाजूला गेली, तर थांबा.

आणि कोणत्या पिकात ड्रोन चांगला, ते शेतकऱ्याला खरं सांगा. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं पीक दाटतं, वावरात पाय रुतत असतो, तिथे ड्रोन चांगला. पऱ्हाटी कंबरेच्या वर गेली की खालच्या पानांवर थेंब कमी पोचतो, आणि पांढरी माशी, तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला असतात. हे तपासता येतं. पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. त्याचे तुकडे झाडाच्या शेंड्याला, मध्यावर आणि बुडाशी टाचणीने लावा आणि साध्या पाण्याची एक फेरी मारा. शेंडा निळा आणि बूड पिवळंच राहिलं, तर उंची आणि वेग कमी करून पुन्हा पाहा. तरीही पिवळंच राहिलं तर त्या शेतकऱ्याला सांगा, भाऊ, या वावरात हातपंपच बरा. एकाचे पाचशे रुपये जातील, पण तो माणूस तुरीच्या वेळी तुम्हालाच बोलावेल.

कारण तूर हे आपल्याकडचं ड्रोनचं खरं पीक आहे. नोव्हेंबरमध्ये ती फुलावर येते तेव्हा डोक्याच्या वर गेलेली असते, फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात. माणूस पंप घेऊन आत शिरला तर फूल झडतं, आणि फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही. शेंगा पोखरणारी अळी तर वरच, फुलात आणि कोवळ्या शेंगेत असते. ड्रोनचा थेंब आधी तिथेच पडतो. ज्या कारणाने तो मोठ्या पऱ्हाटीत कमी पडतो त्याच कारणाने तुरीत चालतो.

आता काय करायचं ते. पहिला खर्च प्रमाणपत्राचा करा. वय १८ ते ६५ आणि दहावी पास एवढीच अट आहे, आणि प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच घ्या, आणि ते फवारणीच्या ड्रोनच्या वर्गाचं, म्हणजे २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ वर्गाचं आहे ना, हे फी भरण्याआधी विचारा.

मग एक हंगाम दुसऱ्याच्या ड्रोनवर उडवा. शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे आणि अवजार बँकांकडे ड्रोन असतात आणि ऐन हंगामात उडवणारा माणूस कमी पडतो. एकरी मोबदल्यावर काम मागा. रोज एका वहीत लिहा: किती एकर झाले, किती वेळ चार्जरची वाट पाहिली, किती वेळ प्रवासात गेला, कोणत्या औषधाने नोझल चोंदलं, कोण पुन्हा बोलावतो.

वहिनींचा उल्लेख तुम्ही ओघात केला, पण तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ मला तीच वाटली. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोनसाठी किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत ठरवली आहे. गटांची निवड होते, अर्ज केला की मिळालाच असं नाही. पण वहिनींच्या गटाने तालुक्याच्या उमेद कार्यालयात जाऊन योजना आज कुठवर आली आहे ते विचारावं. मिळाला तर तो ड्रोन गटाचा असेल आणि पायलटचं प्रशिक्षण वहिनी किंवा गटातली दुसरी बाई घेईल, हे मनाशी नक्की धरा. तुम्ही गाडी, पाणी, जनरेटर, एकर जमवणं सांभाळा. घरात एकाऐवजी दोन माणसं शिकलेली असतील आणि वावर गहाण नसेल. गट निवडला गेला नाही, तर अवजार बँकेसाठी किमतीच्या ४० टक्के, चार लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद कृषी यांत्रिकीकरणात आहे, त्याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करा.

पुढच्या वर्षी वहीतले आकडे दिवसाला पंधरा एकरांच्या वर गेलेले दिसले आणि लागून असलेल्या साठ-सत्तर एकरांचे शेतकरी दोन फवारण्यांचे पैसे आगाऊ द्यायला तयार असले, तर मग विक्रेत्याकडे जा. त्याच्यासमोर रिकामी बॅटरी चार्जरला लावा आणि स्वतःच्या घड्याळात वेळ मोजा. भरलेल्या टाकीने एक एकर पूर्ण उडवायला लावा, रिकाम्या टाकीने नको. बॅटरीच्या नव्या संचाची किंमत आणि ड्रोनचा मोडलेला हात किती दिवसांत बदलून देणार, हे बिलावर लिहून घ्या. ड्रोनच्या मॉडेलला सरकारी मान्यता असल्याचं टाइप सर्टिफिकेट, तुमच्या नावावर नोंदणी क्रमांक आणि त्रयस्थ व्यक्तीचा विमा, हे तिन्ही हातात आल्याशिवाय विक्रेत्याला किमतीचा शेवटचा हप्ता देऊ नका.

यंदाची तूर अजून हातात आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या सहा एकरांतल्या तुरीवर एखाद्या अवजार बँकेचा ड्रोन भाड्याने बोलवा, वडिलांना धुऱ्यावर उभं करा, आणि पिवळे कागद त्यांनाच लावायला सांगा.